चार बॅटऱ्या पॅरललमध्ये जोडताना: प्रत्येकीला सारखं काम कसं द्यायचं आणि जुनीच्या शेजारी नवी का लावायची नाही

एका गावातल्या अभ्यासिकेत १२ व्होल्ट, १५० एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या सोलरवर लावलेल्या होत्या. तीन वर्षं बऱ्या चालल्या, मग इन्व्हर्टरला लागून असलेली पहिली बॅटरी गेली. तिच्या जागी नवी आली. आठ महिन्यांनी मला बोलावणं आलं, कारण नव्या बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी खाली जात होतं आणि हात लावला तर ती बाकीच्यांपेक्षा गरम लागत होती. दुकानदाराने बॅटरीच सदोष असेल म्हणून बदलून द्यायची तयारी दाखवली होती. बॅटरीत काहीच दोष नव्हता. तिला जिथे आणि ज्यांच्यासोबत बसवलं होतं, तिथे कुठलीही नवी बॅटरी अशीच झिजली असती.

त्या जागी दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या होत्या. एक वायरिंगची, दुसरी जुनं-नवं मिसळण्याची. आधी वायरिंगची बघू, कारण ती चारही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतल्या तरी होते.

विषमता येते कुठून

नेहमीची जोडणी अशी दिसते. बॅटऱ्या ओळीत ठेवायच्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस छोट्या वायरींनी जोडत जायचं आणि इन्व्हर्टरच्या दोन्ही जाड वायरी पहिल्या बॅटरीवर कसायच्या. दिसायला सगळं नीट असतं, व्होल्टमीटरही चारही ठिकाणी जवळपास सारखाच आकडा दाखवतो. म्हणून कुणाला शंका येत नाही.

पण चौथ्या बॅटरीचा करंट इन्व्हर्टरपर्यंत यायला तीन प्लसच्या आणि तीन मायनसच्या दुवा-वायरींतून येतो. पहिलीला एकही दुवा ओलांडावा लागत नाही. वीतभर तांब्याच्या वायरीने असा काय फरक पडणार, असं वाटतं. फरक पडतो, कारण बॅटरीचा स्वतःचा आतला रोधही तितकाच चिमुकला असतो. चांगल्या १५० एएच बॅटरीचा आतला रोध ५ मिलीओहम धरू. एका दुव्याचा रोध, वायरीच्या टोकावरचा धातूचा लग आणि टर्मिनलच्या सांध्यासकट, अर्धा मिलीओहम धरू. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षापासून फार लांबचे नाहीत.

आता ४० अँपिअरचा लोड टाका. चौघींनी दहा-दहा द्यायला हवेत. हिशेब केला तर पहिली १५.४ देते, दुसरी १०.५, तिसरी ७.७ आणि चौथी ६.४. म्हणजे पहिली बॅटरी चौथीच्या जवळपास अडीचपट राबते. सांधे सैल किंवा गंजलेले असतील, वायरी बारीक असतील, तर ही तफावत आणखी वाढते. अभ्यासिकेत मी क्लॅम्प मीटर लावला तेव्हा १६, १०, ८ आणि ६ असे आकडे आले.

चार्जिंगच्या वेळी याच वाटा उलट्या दिशेने वापरल्या जातात. सोलर कंट्रोलरचा करंटही पहिलीलाच जास्त मिळतो आणि चौथीपर्यंत कमी पोचतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चार्जिंग पूर्ण होत आलं की करंट कमी होतो, करंट कमी झाला की वायरींमधला व्होल्टेजचा घटही कमी होतो आणि मागे राहिलेल्या बॅटऱ्या हळूहळू बरोबरीला येतात. लोड असतानाही पहिली जास्त उतरली की तिचा व्होल्टेज पडतो आणि ती थोडा भार दुसऱ्यांकडे ढकलते. म्हणजे ही विषमता काही अंशी आपोआप सावरते. अडचण येते ती वेळ पुरत नाही तेव्हा. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागले, सोलरला पूर्ण चार्जिंगचे शेवटचे तीन-चार तास मिळालेच नाहीत, की चौथी बॅटरी रोज अर्धवट राहते. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग ते सहज विरघळत नाही. त्यामुळे पहिली जास्त राबून लवकर म्हातारी होते, तर चौथी उपाशी राहून.

जोडणी कशी करायची

सगळ्यात सोपी सुधारणा एका वायरीची जागा बदलण्याची आहे. इन्व्हर्टरची प्लस वायर पहिल्या बॅटरीवर ठेवा आणि मायनस वायर काढून चौथ्या बॅटरीच्या मायनसवर लावा. याला तिरकी जोडणी म्हणतात. आता पहिलीला प्लसच्या बाजूने दुवा नाही पण मायनसच्या बाजूने तीन आहेत, चौथीचं नेमकं उलट. वरचाच हिशेब पुन्हा केला तर १०.९, ९.१, ९.१ आणि १०.९ असा करंट येतो. कुठलाही नवा खर्च न करता १५ आणि ६ मधलं अंतर जवळजवळ मिटलं. दोनच बॅटऱ्या असतील तर तिरक्या जोडणीत वाटणी अगदी समसमान होते, त्यामुळे दोघींसाठी याहून वेगळं काही करायची गरज नाही.

तीन किंवा चार असतील तर मी बसबार लावतो. प्लससाठी एक तांब्याची पट्टी, मायनससाठी एक. प्रत्येक बॅटरीकडून दोन वायरी येतात, एक प्लसच्या पट्टीला, एक मायनसच्या. इथला एकमेव कडक नियम असा की चारही बॅटऱ्यांच्या वायरी सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच जाडीच्या हव्यात. पट्टीजवळच्या बॅटरीची वायर छोटी पुरते म्हणून कापायची नाही. सगळ्यात लांबच्या बॅटरीला ५० सेंटिमीटर लागत असेल तर चौघींना ५० च द्यायची आणि उरलेली वाकवून ठेवायची. एकाच रिळातली २५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्यावी. इन्व्हर्टरची वायरही पट्टीच्या एका टोकाला प्लस आणि दुसऱ्या पट्टीच्या विरुद्ध टोकाला मायनस अशी लावली की पट्टीतला उरलासुरला फरकही जातो.

लग हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल असलेल्या दुकानात पाच मिनिटांत आठ वायरी नीट क्रिंप करून मिळतात. लग बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलला थेट टेकला पाहिजे. लग आणि टर्मिनलच्या मध्ये वॉशर घातलेला मी खूपदा पाहिला आहे. वॉशर नटखाली हवा, करंटच्या वाटेत नव्हे. कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी लावू नका.

प्रत्येक बॅटरीच्या प्लसला स्वतंत्र फ्यूज घाला. हा खर्च लोक टाळतात, पण पॅरलल जोडणीत त्याचं कारण वेगळं आहे. एक बॅटरी आतून शॉर्ट झाली तर उरलेल्या तिघी तिच्यात करंट ओतायला लागतात आणि इन्व्हर्टरचा मुख्य फ्यूज त्या वाटेत येतच नाही. फ्यूज डीसीसाठीचा आणि वायर सोसेल त्याहून मोठा नसलेला हवा. घरातल्या बोर्डावरचा एसीचा एमसीबी इथे लावू नका, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

जोडण्याआधीची तयारी

आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. चार बॅटऱ्यांच्या पॅरलल बँकेवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. खोली हवेशीर ठेवा, चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

मग चारही बॅटऱ्या एकेकट्या पूर्ण चार्ज करा. दुकानातून आलेल्या नव्या बॅटऱ्याही. एक महिनाभर गोदामात पडलेली असते, दुसरी कालच भरलेली असते. चार्ज झाल्यावर काहीही न जोडता रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्टेज मोजा. भरलेली ट्युब्युलर बॅटरी विश्रांतीनंतर साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. चौघींमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अर्ध्या व्होल्टचा फरक असताना दोन बॅटऱ्या जोडल्या तर काय होईल, तेही बघा. दोघींचा आतला रोध मिळून १० मिलीओहम, म्हणजे जोडताक्षणी एकीकडून दुसरीकडे ५० अँपिअरच्या आसपास करंट धावतो आणि टर्मिनलवर ठिणगी उडते. ०.०५ व्होल्टला हाच आकडा ५ अँपिअरवर येतो, तो निरुपद्रवी आहे.

जोडताना फ्यूज काढलेले ठेवा. आधी सगळ्या मायनस वायरी पट्टीला लावा, मग प्लसच्या. नंतर पहिल्या बॅटरीचा फ्यूज बसवा. दुसरीचा फ्यूज बसवण्याआधी फ्यूजच्या रिकाम्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरा. तिथे जेमतेम काही मिलीव्होल्ट दिसले की बसवा. असंच तिसरी आणि चौथी. एखाद्या ठिकाणी बारा किंवा पंचवीस व्होल्ट दिसले तर तिथेच थांबा, कुठेतरी वायर चुकलेली किंवा बॅटरी उलटी लागलेली आहे.

वाटणी खरंच समान झाली का

जोडणी झाल्यावर खात्री मोजूनच करायची असते. ४० अँपिअरच्या आसपास लोड चालू करा आणि प्रत्येक बॅटरीच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावा. बहुतेक इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतो, तो इथे चालत नाही. डीसी मोजणारा लागतो.

तो नसेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. मिलीव्होल्टवर ठेवा आणि एका वायरीच्या दोन टोकांच्या लगवर टोकं टेकवा. २५ चौरस मिलिमीटरच्या ५० सेंटिमीटर तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला साधारण साडेतीन मिलीव्होल्ट पडतात. वायरी सारख्या असतील तर सारखे मिलीव्होल्ट म्हणजे सारखा करंट. नेमका आकडा किती यापेक्षा चौघींचा आकडा जुळतो का, हे बघायचं. मग एक टोक शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरं त्यावर बसलेल्या लगवर टेकवून बघा. तिथे जेमतेम एखादा मिलीव्होल्ट यावा. दहा-पंधरा आले तर तो सांधा उघडा, घासा आणि पुन्हा कसा. वायरींच्या मांडणीतून जो फरक येतो, त्याहून जास्त फरक मला अशा एकट्या खराब सांध्यामुळे सापडला आहे.

चार्जरकडेही एकदा बघायला हवं. १५० एएचच्या चार बॅटऱ्या म्हणजे ६०० एएच. घरगुती छोट्या इन्व्हर्टरचा १५ अँपिअरचा चार्जर एका बॅटरीसाठी बेताचा असतो, चौघींत वाटला तर प्रत्येकीला चारसुद्धा मिळत नाहीत. वायरिंग कितीही अचूक केलं तरी अशा बँकेचं पोट भरणार नाही. चारसाठी ४० ते ६० अँपिअरचा चार्जर किंवा सोलर कंट्रोलर आणि तेवढे पॅनल हवेत. आणि चारच्या पुढे पॅरलल वाढवण्यापेक्षा २४ किंवा ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर घेऊन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावणं मला कायम शहाणपणाचं वाटत आलं आहे.

जुनी आणि नवी शेजारी का नको

आता अभ्यासिकेतली दुसरी चूक. समजा बसबार लावला, वायरी मापून सारख्या केल्या, पण चौघींपैकी एक पाच वर्षांची आहे. तिच्या आतला रोध वाढून १५ मिलीओहम झाला आहे. ४० अँपिअरच्या लोडला तिघी नव्या प्रत्येकी १२ अँपिअर देतात आणि जुनी फक्त ४. चार बॅटऱ्यांचे पैसे आणि जागा गेली, काम मात्र सव्वातीन बॅटऱ्यांचं. तरी हे नुकसान लहान आहे. खरी अडचण चार्जिंगच्या शेवटी आणि रात्री, लोड नसताना होते.

म्हाताऱ्या बॅटरीतून आतल्या आत चार्ज गळत असतो. पॅरललमध्ये असल्यामुळे ती गळती एकटीची राहत नाही, शेजारच्या तिघी ती भरून काढतात. दुसरं, चार्जर फ्लोटवर, म्हणजे बॅटरी भरल्यावरच्या कमी व्होल्टेजवर, कधी जायचं हे बऱ्याचदा एकूण करंट किती उतरला यावरून ठरवतो. निरोगी बॅटऱ्या भरून करंट घ्यायचं थांबवतात, पण गळकी थोडा करंट ओढतच राहते. चार्जरला वाटतं बँक अजून भरलेली नाही, तो १४.४ व्होल्ट धरून ठेवतो आणि भरलेल्या नव्या बॅटऱ्या तासन्‌तास उकळत राहतात. पाणी उडतं, प्लस प्लेटची जाळी गंजते, बॅटरी तापते. आजारी बॅटरी शांत दिसते आणि तक्रार निरोगी बॅटरीची येते. दुकानदाराने नवी बॅटरी बदलायची तयारी दाखवली ती याच गोंधळामुळे.

सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या बॅटरीतला एक सेल शॉर्ट होणं. सहा सेलची बॅटरी मग पाच सेलची होते, तिचा विश्रांतीचा व्होल्टेज १०.४ च्या आसपास येतो. पण शेजारणी तिला साडेबारावर धरून ठेवतात, म्हणजे उरलेल्या प्रत्येक सेलवर अडीच व्होल्ट. हा व्होल्टेज सतत गॅस सोडायला पुरेसा आहे. चार्जर चालू झाला की आणखी वाढतो. बॅटरी फुगते, आम्लाचा उग्र वास येतो. असा वास आला तर आधी चार्जर आणि लोड बंद करा, खिडक्या उघडा आणि त्या बॅटरीचा फ्यूज काढा. फ्यूज का लावायचा, ते इथे कळतं.

अभ्यासिकेत मी रात्री पॅनल आणि लोड दोन्ही तोडून क्लॅम्प मीटर लावला. करंट शून्य असायला हवा होता. नव्या बॅटरीतून दीड अँपिअर बाहेर जात होता आणि त्यातला बहुतेक दुसऱ्या क्रमांकाच्या बॅटरीत शिरत होता. रात्रीच्या बारा तासांत हे अठरा एएच होतात, कुणी पंखा न लावता. दुसरीची सगळी झाकणं उघडून आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला. भरलेल्या ट्युब्युलर सेलला साधारण १.२४० यायला हवं. पाच सेल १.२१० च्या आसपास होते, एक १.१३० वर. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त फरक, आणि पूर्ण चार्ज करूनही तो न मिटणं, म्हणजे तो सेल संपला आहे. पाणी नुकतंच टाकलं असेल तर मात्र हे मोजमाप लगेच घेऊ नका, ते मिसळायला चार्जिंगचे काही तास जाऊ द्या.

हायड्रोमीटर हाताशी नसेल तर दुसरी वाट आहे. सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, चारही फ्यूज काढा, चोवीस तास वेगळ्या ठेवा आणि व्होल्टेज मोजा. जोडलेल्या असताना चौघी एकच आकडा दाखवत होत्या, सुटल्यावर दोषी लगेच खाली येते. या तपासणीतही न सापडलेली कमजोर बॅटरी पकडायची असेल तर प्रत्येकीला तोच लोड एकेकटीने लावून १०.८ व्होल्टपर्यंत किती वेळ टिकते ते लिहून ठेवा. सगळ्यात चांगलीच्या ऐंशी टक्के वेळसुद्धा जी टिकत नाही, ती त्या बँकेत राहू नये.

एक बॅटरी गेली तर करायचं काय

चौघी सहा महिन्यांच्या आत असतील तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एक आणून बसवायला माझी हरकत नसते. वर्ष उलटून गेलं असेल तर मी खराब बॅटरी काढतो आणि तिघींवर चालवायला सांगतो. लोड तेवढ्या प्रमाणात कमी करायचा. तिघी थकल्या की चार नव्या एकदमच घ्यायच्या. दोन यंदा, दोन पुढच्या वर्षी, असे हप्ते पाडले तर यंदाच्या दोन नव्या उरलेल्या जुन्या दोघींना सांभाळण्यातच झिजतात. वेगळ्या क्षमतेच्या किंवा वेगळ्या जातीच्या, म्हणजे ट्युब्युलर आणि सीलबंद, एकत्र लावू नका. त्यांचे चार्जिंगचे व्होल्टेज वेगळे असतात. लिथियम बॅटरी तर लेड-ॲसिडच्या जोडीला थेट कधीच नको.

जुन्या पण धडधाकट बॅटरीचा उपयोग होतो, फक्त वेगळ्या चार्जरवर. अभ्यासिकेत आम्ही खराब दुसरी बॅटरी दुकानदाराला भंगारात परत दिली. साडेतीन वर्षांहून जुन्या तिसरी आणि चौथीची जोडी करून तिरक्या जोडणीत सोलरवरच ठेवली. आठ महिन्यांची नवी बॅटरी ग्रंथपालांच्या खोलीतल्या छोट्या इन्व्हर्टरवर गेली. मोठ्या हॉलमधले चार पंखे दोन बॅटऱ्यांवर रात्रभर चालणार नव्हते, म्हणून दोन पंखे आणि दिवेच तिथे ठेवले. पुढच्या महिन्यात नवीचं पाणी खुणेवरच होतं आणि जोडीतल्या दोन वायरींवर मिलीव्होल्ट जुळत होते. चार नव्या घ्यायला त्यांना आणखी सव्वा वर्ष मिळालं, आणि त्या आल्या तेव्हा बसबार व सारख्या मापाच्या आठ वायरी आधीच भिंतीवर तयार होत्या.